एकच गेम, सहा किमती: नेमकी कुठली प्रत घ्यायची?

ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा मध्यंतरी मेसेज आला. "मामा, सेल लागलाय. सिव्हिलायझेशन ६ चे किती प्रकार आहेत रे हे? सगळ्यात महाग आहे तेच पूर्ण असणार ना?" सोबत स्क्रीनशॉट. त्यात मूळ गेम, प्लॅटिनम एडिशन, अँथॉलॉजी, रायझ अँड फॉल, गॅदरिंग स्टॉर्म, न्यू फ्रंटियर पास आणि वर देशादेशांचे सुटे पॅक. त्याला दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हे लांबण लावतो आहे. सिव्हिलायझेशनच मुख्य उदाहरण म्हणून धरतो, कारण या विषयातले जवळजवळ सगळे खाचखळगे त्या एका गेममध्ये सापडतात.

आधी नावांचा घोळ मिटवू. मूळ गेम म्हणजे पहिल्या दिवशी बाजारात आलेला गेम. त्यात पुढे जी भर विकली जाते ती डीएलसी, म्हणजे डाउनलोड करून घ्यायचा जास्तीचा भाग. या नावाखाली काहीही खपतं. 2006 मध्ये बेथेस्डा कंपनीने 'ऑब्लिव्हियन' या गेममधल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढलं, अडीच डॉलरला. त्या चिलखताची चेष्टा आजही होते, पण पुढे सगळ्या धंद्याने तोच रस्ता धरला. उलट एखादी डीएलसी वीस तासांची नवी कथा आणि नवा प्रदेश घेऊन येते. अशा भल्यामोठ्या डीएलसीला एक्स्पान्शन म्हणतात. इंटरनेट घरोघरी नव्हतं तेव्हा एक्स्पान्शन वेगळ्या खोक्यात, वेगळ्या सीडीवर यायचं, आणि तेव्हाही मूळ गेम आधी असावाच लागायचा. कशाला डीएलसी म्हणायचं नि कशाला एक्स्पान्शन, याचा काही नियम नाही. कंपनीच्या मनाला येईल ते. त्यामुळे नावावर जाऊ नका, आत काय आहे ते बघा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. डीएलसी विकत घेतली की मोठं डाउनलोड होईल असं वाटतं आणि कधी कधी होतंही. पण पुष्कळदा त्या फाइली आधीच्याच एखाद्या अपडेटबरोबर तुमच्या ड्राइव्हवर येऊन बसलेल्या असतात. ऑनलाइन डावात समोरच्याने विकत घेतलेला पोशाख तुमच्या स्क्रीनवर दिसायचा तर तो तुमच्याकडेही असायलाच हवा. पैसे भरल्यावर तुमच्या खात्यावर त्या भागाचा परवाना चढतो, एवढंच. हा परवाना खात्याला चिकटलेला असतो, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता मुख्य प्रश्न. कुठलीही भर घ्यायच्या आधी मी एकच विचारतो: ही मूळ गेमच्या कुठल्या जागी बसते? शेवटाला जोडलेली आहे, मध्येच एका दाराआड आहे, की सगळ्या गेमच्या तळाशी जाऊन नियमच बदलते? ती आत्ता घ्यायची, नंतर घ्यायची की घ्यायचीच नाही, हे यावरून ठरतं.

सगळ्यात सोपा प्रकार 'विचर ३' चा. हा गेम मे 2015 मध्ये आला. त्याची दोन एक्स्पान्शन आली: ऑक्टोबर 2015 मध्ये 'हार्ट्स ऑफ स्टोन' आणि मे 2016 मध्ये 'ब्लड अँड वाइन'. शिवाय सोळा छोट्या डीएलसी कंपनीने फुकट वाटल्या. दोन्ही एक्स्पान्शनच्या कथा स्वतंत्र आहेत. मूळ कथेत त्यांच्यावाचून काही अडत नाही आणि दुसऱ्या कथेसाठी नायक गाडीत बसून जावा तसा नव्या प्रदेशात जातो. ज्याला मूळ कथा पुन्हा खेळायची नाही त्याच्यासाठी, फक्त एक्स्पान्शनच सुरू करून तयार ताकदीचा नायक घेण्याची सोयही आहे. अशी शेवटाला जोडलेली भर पहिल्या दिवशी घेण्याचं काहीच कारण नसतं. मूळ गेम संपवायलाच नोकरी करणाऱ्या माणसाला कित्येक महिने लागतात, आणि तोवर एखादा सेल येऊन जातो. अर्थात आता विचर ३ ची कम्प्लीट एडिशन सेलमध्ये इतकी स्वस्त होते की मूळ गेम आणि ती यांत पुष्कळदा फार फरक उरत नाही. तेव्हा सरळ तीच घ्यावी.

दुसऱ्या प्रकाराने बऱ्याच जणांना रडवलं आहे. 'एल्डन रिंग' फेब्रुवारी 2022 मध्ये आला आणि त्याचं एक्स्पान्शन 'शॅडो ऑफ द अर्डट्री' जून 2024 मध्ये. एक्स्पान्शन घेतलं, गेम चालू केला, की लगेच नव्या प्रदेशात जाता येत नाही. आधी मूळ गेममधले राडान आणि मोग हे दोन शत्रू मारावे लागतात. यातला मोग ज्या महालात बसतो तिथे जायची वाट आडबाजूला लपवलेली आहे आणि मूळ कथा पूर्ण करायला त्याला मारण्याची गरजही नाही. म्हणजे गेम शेवटपर्यंत खेळलेल्या माणसाचाही मोग राहून गेलेला असू शकतो. आता विचार करा, एखाद्या नवख्याने सेलमध्ये गेम आणि एक्स्पान्शन एकत्र घेतलं. एक्स्पान्शनच्या दारापर्यंत पोचायला त्याला पन्नास-साठ तास सहज लागतील. आणि हा गेम अवघड आहे, पुष्कळ लोक पहिल्या दहा तासांतच सोडतात. त्यांनी दाराआडच्या भागाचे पैसे मात्र आधीच भरलेले असतात.

'सायबरपंक 2077' मध्येही असंच दार आहे, फक्त तिथे पोचणं सोपं. 'फँटम लिबर्टी' हे त्याचं एक्स्पान्शन सप्टेंबर 2023 मध्ये आलं. मूळ कथेत पॅसिफिका भागातल्या वूडू बॉइज टोळीचं प्रकरण संपलं की त्याचं दार उघडतं, आणि त्यातून मूळ कथेला एक नवा शेवटही मिळू शकतो. म्हणून हे एक्स्पान्शन मूळ गेम संपवून मग घेण्यापेक्षा मधेच खेळणं बरं, असं माझं मत आहे. पण त्याच्या पाच दिवस आधी आलेलं 2.0 हे अपडेट पीसी आणि नव्या कन्सोलवर सगळ्यांना फुकट होतं. कौशल्यांची नवी रचना, नवे पोलीस, हे सगळं त्या फुकटच्या अपडेटमधलं. "फँटम लिबर्टी घेतल्यावर गेम सुधारला" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. गेम सुधारला तो अपडेटमुळे, आणि ते मूळ गेमवाल्यालाही मिळालं. विकतच्या भागाची स्तुती ऐकताना त्यातलं फुकट काय नि विकत काय, हे वेगळं काढून बघावं. आणि पीएस४ वाल्यांनो, तुमच्यासाठी फँटम लिबर्टी निघालेलंच नाही. ते निघालं पीएस५, नवे एक्सबॉक्स आणि पीसी यांच्यासाठी.

आता तिसरा प्रकार, आणि भाच्याचा खरा प्रश्न. सिव्हिलायझेशन ६ मध्ये कथा नाही. अश्मयुगापासून अवकाशयुगापर्यंत एक संस्कृती घडवायची, शेजाऱ्यांशी भांडायचं किंवा गोडीने राहायचं. असा एक डाव दहा-पंधरा तास चालतो. कथाच नसल्यामुळे इथे भर शेवटाला जोडता येत नाही. ती तळाशीच जाते.

मूळ गेम ऑक्टोबर 2016 मध्ये आला. फेब्रुवारी 2018 मध्ये 'रायझ अँड फॉल' आलं. त्याने सुवर्णयुग आणि अंधारयुग आणली, शहरांवर नेमायचे गव्हर्नर आणले आणि निष्ठेचा नियम आणला. तुमचं एखादं शहर तुमच्या राजधानीपासून लांब, शेजाऱ्याच्या मोठ्या शहरांच्या गराड्यात वसवलंत, तर तिथल्या लोकांची निष्ठा हळूहळू उतरते आणि शहर बंड करून उठतं. त्याआधी नकाशावर कुठेही शहर टाकून मोकळं होता यायचं, ते बंद झालं. फेब्रुवारी 2019 मध्ये 'गॅदरिंग स्टॉर्म' आलं. त्यात नद्यांना पूर येतात, ज्वालामुखी फुटतात, दुष्काळ पडतात. पुराने शेतं वाहून जातात, पण मागे सुपीक गाळही राहतो, म्हणून नदीकाठी शहर वसवायचं की नाही हा खरोखरच विचार करायचा प्रश्न होतो. कारखान्यांसाठी कोळसा जाळत गेलात की समुद्राची पातळी वाढते आणि किनाऱ्यालगतच्या सखल जागा पाण्याखाली जातात. ऐरोलीत खाडीकाठी राहणाऱ्या पोराला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. शिवाय जागतिक परिषद भरते आणि मुत्सद्देगिरीने डाव जिंकायचा नवा मार्ग मिळतो.

आता दुकानाच्या पानावर जे पटकन डोळ्यांत भरत नाही ते सांगतो. गॅदरिंग स्टॉर्म घेतलं की रायझ अँड फॉलचे नियमही त्यासोबत मिळतात: निष्ठा, गव्हर्नर, युगं, सगळं. मिळत नाही ते रायझ अँड फॉलमधल्या संस्कृती, त्यांचे नेते आणि त्या पेटीतल्या वास्तूंसारख्या गोष्टी. म्हणजे भारताकडून खेळायचं तर मूळ गेममध्ये गांधीजी आहेत. चंद्रगुप्त मौर्य रायझ अँड फॉलमध्ये आहे. फक्त गॅदरिंग स्टॉर्म घेतलंत तर खेळाचे सगळे नियम हाती येतील, चंद्रगुप्त येणार नाही.

त्यामुळे खरेदीचा क्रम आपोआप ठरतो. आधी मूळ गेम, नंतर थेट गॅदरिंग स्टॉर्म, आणि संस्कृतींची हौस असेल तर मग रायझ अँड फॉल. तारखेच्या क्रमाने घेणारा माणूस आधी रायझ अँड फॉल घेतो, त्याचे नियम शिकतो, पुढे गॅदरिंग स्टॉर्म घेतो आणि तेच नियम त्यात परत मिळतात. नियमांपुरतं बघायचं तर पहिली खरेदी वाया. याच मालिकेच्या आधीच्या गेममध्ये, सिव्हिलायझेशन ५ मध्येही असंच होतं: दुसऱ्या एक्स्पान्शनमध्ये पहिल्याचे नियम होते, संस्कृती नव्हत्या. पाळीपाळीने चाली करायच्या अशा गेममध्ये ही पद्धत दिसते, कारण दुसऱ्या एक्स्पान्शनचे नियम पहिल्याच्या नियमांवर उभे असतात. पाया नसेल तर वरचा मजला चालणार नाही, म्हणून कंपनीला पाया सोबत द्यावाच लागतो. तेव्हा असा गेम घेताना शेवटच्या एक्स्पान्शनच्या वर्णनात आधीच्याचं काय आहे आणि काय नाही, हे दोनदा वाचा.

भाच्याला मी विचारलं, "मूळ गेम आहे का तुझ्याकडे?" तर म्हणाला, "आहे की, लॉकडाऊनमध्ये फुकट मिळालेला." मे 2020 मध्ये एपिकच्या ऑनलाइन दुकानात सिव्हिलायझेशन ६ आठवडाभर फुकट वाटला होता. तेव्हा शाळेत असलेल्या या पोराने घेऊन ठेवला होता. पण त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाचा होता. हाच तो परवान्याचा मुद्दा. स्टीमवर घेतलेलं एक्स्पान्शन एपिकवरच्या मूळ गेमला लागत नाही. ते तुमच्या स्टीमच्या खात्यावर पडून राहील आणि मूळ गेम नाही म्हणून चालू होणार नाही. दुकान एक ठरवायचं आणि भर तिथूनच घ्यायची.

मग आम्ही हिशोब मांडला. इथले आकडे उदाहरणापुरते आहेत, सेलगणिक ते बदलतात. समजा एपिकवर गॅदरिंग स्टॉर्म 700 रुपयांना आहे, रायझ अँड फॉल 500 ला, आणि स्टीमवर सगळं एकत्र असलेली अँथॉलॉजी 1,600 ला. एपिकवर दोन्ही एक्स्पान्शन घेतली तर 1,200. अँथॉलॉजीत अजून 400 टाकले की दोन्ही एक्स्पान्शन, सहा सुटे पॅक आणि न्यू फ्रंटियर पास, सगळंच मिळतं, शिवाय मूळ गेमही नव्याने. कागदावर अँथॉलॉजीच फायद्याची. पण भाच्याचे कोपरखैरणे आणि रबाळ्याचे दोन मित्र एपिकवरच खेळतात, त्यांनीही तेव्हाच फुकट घेतलेला. ते शनिवारी रात्री गॅदरिंग स्टॉर्मचे नियम लावून डाव मांडतात. अशा डावात बसायचं तर प्रत्येकाकडे ते एक्स्पान्शन असावं लागतं. त्यांच्यापैकी कोणाकडेही रायझ अँड फॉल नाही. म्हणजे भाच्याला आत्ता लागणारी वस्तू एकच, 700 ची. बाकीचे 900 रुपये केवळ "पूर्ण" असल्याच्या समाधानासाठी गेले असते. त्याने गॅदरिंग स्टॉर्म घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "मामा, काहीच बदललं नाही. पूर नाही, ज्वालामुखी नाही." त्याने आधीचाच अर्धा झालेला डाव उघडला होता. सिव्हिलायझेशनमध्ये डाव सुरू करतानाच कुठले नियम लावायचे ते ठरतं आणि ते त्या डावासोबत शेवटपर्यंत राहतं. जुना डाव जुन्याच नियमांनी चालतो. नवा डाव मांडताना गॅदरिंग स्टॉर्म निवडायला हवं. भर खात्यावर नीट चढली आहे का, हे बघायचं असेल तर मुख्य मेन्यूत `Additional Content` मध्ये यादी असते. तिथे नाव दिसत असेल तर पैसे वाया गेलेले नाहीत, डाव तेवढा नवा हवा. तळाशी जाणाऱ्या सगळ्याच एक्स्पान्शनबाबत ही शंका आधी तपासावी आणि मगच रिफंड मागायला धावावं.

आता सीझन पास. कंपनी म्हणते, पुढच्या वर्षभरात आम्ही अमुक इतक्या गोष्टी काढू, त्या सगळ्यांचे पैसे आत्ताच द्या, थोडे कमी घेऊ. खानावळीत महिन्याचं कूपन आधी काढावं तसं हे. जेवण मिळणार हे नक्की, भाजी कुठली ते स्वयंपाकी ठरवणार. 'असॅसिन्स क्रीड व्हॅलहाला' चा सीझन पास घेतलेल्यांना आयर्लंड आणि पॅरिसची एक्स्पान्शन मिळाली. मग मार्च 2022 मध्ये 'डॉन ऑफ रॅगनारॉक' हे त्याहून मोठं एक्स्पान्शन आलं, आणि ते पासमध्ये नव्हतं. त्याचे वेगळे पैसे. 'बॉर्डरलँड्स ३' ला तर दुसरा सीझन पास निघाला. पास म्हणजे त्या गेमचं पुढचं सगळं, असा समज करून घेऊ नये. पानावर जी यादी दिली आहे तेवढंच मिळणार.

पण हा धोका भर यायची बाकी असते तोवरच. एकदा यादीतलं सगळं बाहेर पडलं की सीझन पास उरतो तो नुसता जुडगा, आणि त्याची किंमत सुट्या भागांच्या बेरजेशी ताडून बघता येते. न्यू फ्रंटियर पास आता असाच आहे. मे 2020 ते मार्च 2021 या काळात त्यातले सहा पॅक एकेक करून आले. आत आठ संस्कृती आहेत आणि खेळाचे काही वेगळे प्रकारही. त्यातला प्रलयाचा प्रकार, जिथे आपत्ती सारख्या कोसळत राहतात, तो गॅदरिंग स्टॉर्म असेल तरच चालतो. म्हणजे मूळ गेमवर नुसता हा पास घेणाऱ्याला विकत घेतलेल्या वस्तूचा एक भाग कुलपात दिसेल. वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरांत ही अट लिहिलेली असते. मी आधी तीच वाचतो, वरची चित्रं नंतर.

गेममध्ये ऑनलाइन खेळता खेळता पातळ्या चढून बक्षिसं मिळवायचा जो बॅटल पास असतो, तो वेगळा. त्याला बहुतेकदा मुदत असते आणि त्यात मुख्यतः पोशाख असतात. नावं सारखी आहेत, बाकी काही संबंध नाही.

राहिली कम्प्लीट एडिशन. गेम ऑफ द इयर, अल्टिमेट, लेजेंडरी, प्लॅटिनम, कुठलंही नाव असो, तिच्यात ती ज्या दिवशी बांधली त्या दिवसापर्यंतचं असतं. सिव्हिलायझेशन ६ च्या प्लॅटिनममध्ये मूळ गेम, दोन्ही एक्स्पान्शन आणि सहा सुटे पॅक आहेत. न्यू फ्रंटियर पास नंतर आला म्हणून तो तिच्यात नाही, तो 2021 च्या अँथॉलॉजीत आहे. नावावरून प्लॅटिनम वरचं की अँथॉलॉजी, हे कोणाच्या बापाला सांगता येणार नाही. म्हणून यादी ताडायची. स्टीमवर मूळ गेमच्या पानावर खाली `Content For This Game` असा भाग असतो. तिथे त्या गेमसाठी निघालेलं सगळं दिसतं. एका हाताला ती यादी ठेवा, दुसऱ्या हाताला एडिशनमधली यादी. जे नाव एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, ते नुसतं गाण्यांचं पॅकेट किंवा पोशाख असेल तर सोडून द्या. एक्स्पान्शन असेल तर ती एडिशन नावापुरतीच पूर्ण आहे.

मूळ गेम आधीच विकत घेतलेला असेल तर स्टीमवर आणखी एक फरक पैशांवर परिणाम करतो. काही एडिशन जुडगा म्हणून विकल्या जातात. खरेदीच्या चौकोनात नावाशेजारी `BUNDLE` लिहिलेलं असतं. अशा जुडग्यातलं जे तुमच्याकडे आहे त्याची रक्कम वजा होते आणि उरलेल्यावर जुडग्याची सवलत तरीही लागते. दुसऱ्या काही एडिशन एकसंध पॅकेज असतात. त्यांच्या चौकोनात `Package info` असं बटण दिसतं. तिथे काही वजा होत नाही, मूळ गेमचे पैसे परत भरावे लागतात. म्हणून "आधी मूळ गेम घेऊन बघतो, आवडला तर पूर्ण एडिशन" हा बेत जुडग्याच्या बाबतीत बिनधास्त करावा. पॅकेज असेल तर आवडल्यावर सुटी एक्स्पान्शन घ्यायला किती पडतील, ते आधीच बघून ठेवावं. स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. डीएलसीसाठी ती घेतल्यानंतर मूळ गेम किती वेळ खेळलात ते मोजतात. एल्डन रिंगसारख्या गेममध्ये मात्र दोन तासांत एक्स्पान्शनचं दारही दिसत नाही, तेव्हा ही सवलत मूळ गेमची पारख करायलाच उपयोगी.

थांबलं की स्वस्त मिळतं, हा माझा नेहमीचा सल्ला एका ठिकाणी उलटतो. खऱ्या गाड्या आणि खरी गाणी असलेले गेम परवान्यावर चालतात आणि परवाना संपला की दुकानातून उठतात. 'फोर्झा होरायझन ४' ची विक्री डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली. त्याची एक्स्पान्शन तर त्याआधी काही महिने, जूनमध्येच सुटी मिळायची थांबली होती. ज्यांनी मूळ गेम घेऊन एक्स्पान्शन नंतर बघू म्हटलं, त्यांचा नंतर कधी आलाच नाही. गाड्यांचा गेम जुना होत आला असेल आणि कंपनीने बंद होण्याची तारीख जाहीर केली असेल, तर शेवटच्या सेलमध्ये सगळं एकदम घ्यावं.

शेवटी डिस्कवाल्यांसाठी. ठाणे-वाशी लोकलच्या स्टेशनांवर, तिकीटखिडकीच्या बाजूला उभं राहून जुन्या डिस्कची देवाणघेवाण करणारे आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. पण कम्प्लीट एडिशनची जुनी डिस्क घेताना सांभाळा. सगळी भर डिस्कवरच असेल असं नाही. विचर ३ ची पीएस४ वरची गेम ऑफ द इयर एडिशन घेतली तर एक्स्पान्शन डिस्कवरच आहेत, ती कितीही हातांतून गेली तरी चालते. सायबरपंकची पीएस५ वरची अल्टिमेट एडिशन मात्र वेगळी. तिच्या डिस्कवर मूळ गेम आहे आणि फँटम लिबर्टी खोक्यातल्या कागदावरच्या कोडने मिळतं. तो कोड एकदाच चालतो. पहिल्या मालकाने तो आपल्या खात्यावर चढवला की तुमच्या हाती येते ती अल्टिमेटच्या खोक्यातली साधी डिस्क. विकणाऱ्याला बहुतेक वेळा हे माहीतही नसतं, तो फसवत असतोच असं नाही. तुम्ही विचारायचं ते एवढंच, "कोड वापरलाय का?" वापरला असेल तर मूळ गेमच्या जुन्या डिस्कचाच भाव द्यायचा.

दुसरी अडचण प्रदेशाची. प्लेस्टेशनवर डिस्क कुठल्याही देशाची चालते, पण डीएलसी त्याच प्रदेशाची लागते. भारतीय प्लेस्टेशन खातं युरोपच्या गटात येतं. दुबई किंवा अमेरिकेहून कोणी आणलेली अमेरिकन डिस्क तुमच्या घरी नीट चालेल, पण त्यावर भारतीय खात्यातून एक्स्पान्शन घेतलंत तर गेमला ते दिसणारच नाही. दुकानदार म्हणतो, "साहेब, ऑल रीजन आहे, बिनधास्त घ्या." त्याचं डिस्कपुरतं बरोबर असतं. तुम्ही खोक्याच्या कण्यावर किंवा डिस्कवर `CUSA` किंवा `PPSA` ने सुरू होणारा क्रमांक बघा. हा क्रमांक त्या प्रदेशाच्या आवृत्तीचा असतो, एकाच गेमच्या अमेरिकन आणि युरोपीय डिस्कचा बहुतेकदा वेगवेगळा. विकणाऱ्याकडून आधी व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो मागवा आणि युरोपीय आवृत्तीच्या क्रमांकाशी ताडा. जुळला तर घणसोलीला उतरून डिस्क घ्या. नाही जुळला आणि तुम्हाला एक्स्पान्शन खेळायचंच असेल, तर डिस्क कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. मूळ गेमपुरतंच खेळायचं असेल, तर अमेरिकन डिस्कही चालेल, भाव तेवढा पाडून मागा.